बिघाडानंतरचा सारांश लिहिताना या चुका टाळा

सर्व्हिस पुन्हा सुरू झाली की त्याच दिवशी टीम चॅनेलवर सारांश पडायला हवा: काय झालं, कशामुळे, कुणाला त्रास झाला, कसं सुटलं, पुढे काय करतोय. बहुतेक सारांश दोन प्रकारे फसतात. काहींमध्ये कुणावर तरी बोट ठेवलेलं असतं. बाकीच्यांत बोट ठेवायचं नाही या धास्तीने सगळं इतकं गुळगुळीत केलेलं असतं की वाचून हाती काहीच लागत नाही. मला दुसरा प्रकार जास्त घातक वाटतो, कारण तो सभ्य दिसतो आणि म्हणून खपून जातो.

एक काल्पनिक, पण पोस्टग्रेस वापरणाऱ्या कुठल्याही टीमला ओळखीचं वाटेल असं उदाहरण घेऊ. दुपारी एक डिप्लॉय झाला. त्यात `orders` टेबलमध्ये एक कॉलम वाढवणारं छोटं मायग्रेशन होतं. मिनिटभरात ऑर्डरची सगळी पानं ५०३ द्यायला लागली आणि २३ मिनिटांनी पूर्ववत झाली. संध्याकाळी चॅनेलवर हे आलं:

> आज दुपारी डिप्लॉयदरम्यान मायग्रेशन नीट न तपासता चालवलं गेल्यामुळे डेटाबेस स्लो झाला. थोडा वेळ काही युजर्सना अडचण आली. रोलबॅक करून प्रॉब्लेम सोडवला. यापुढे मायग्रेशन चालवताना जास्त काळजी घेऊ.

चार वाक्यं आणि चारही बिघडलेली.

कारणाच्या जागी माणूस

पहिल्या वाक्यात नाव नाही, तरी डिप्लॉय कुणी केला हे टीममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. ‘नीट न तपासता’ हे शब्द थेट त्या माणसाला जाऊन लागतात. नाव गाळलं किंवा ‘चालवलं गेलं’ अशी रचना केली म्हणून दोष जात नाही, तो फक्त कुजबुजीत जातो. शिवाय वाक्य चुकीचंही आहे. मायग्रेशन तपासलं होतं, स्टेजिंगवर ते क्षणात पार पडलं होतं.

मग खरं काय झालं? कॉलम वाढवायला पोस्टग्रेसला त्या टेबलवर `ACCESS EXCLUSIVE` लॉक लागतो. काम क्षणाचंच असतं, पण लॉक मिळेपर्यंत थांबावं लागतं. त्या वेळी `orders` वर एक मोठी रिपोर्ट क्वेरी चालू होती, म्हणून मायग्रेशन तिच्या मागे थांबलं. आणि खरी मेख इथे आहे: लॉकसाठी थांबलेलं `ALTER TABLE` स्वतः रांगेत उभं असतानाच त्याच्या मागून येणाऱ्या साध्या `SELECT` लाही अडवतं. रिपोर्टशी त्या `SELECT` चं काही भांडण नसतं, पण पुढे उभ्या असलेल्या मायग्रेशनशी असतं. ॲपची कनेक्शन्स एकेक करून या रांगेत अडकली, पूल भरला आणि ५०३ सुरू झाले. `lock_timeout` ची डीफॉल्ट किंमत शून्य, म्हणजे मायग्रेशन कितीही वेळ थांबायला मोकळं.

आता कारण असं लिहिता येतं: ‘मायग्रेशन रिपोर्ट क्वेरीच्या मागे लॉकसाठी थांबलं. आपल्या मायग्रेशन टूलमध्ये थांबण्याला मर्यादा नाही. स्टेजिंगवर लांब चालणाऱ्या क्वेरी नसतात, त्यामुळे ही परिस्थिती तिथे दिसू शकत नव्हती.’ कारण नीट उतरलंय का हे पाहायची माझी एक कसोटी आहे. त्या खुर्चीत टीममधला दुसरा कुणीही अनुभवी माणूस बसवा. वाक्य तरीही खरं राहत असेल तर कारण सापडलं. माणूस बदलल्यावर कोलमडत असेल तर अजून खणायचं बाकी आहे.

याचा अर्थ माणसाची कृतीच लपवायची असा नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनची एसथ्री ही स्टोरेज सेवा कोलमडली, तेव्हा कंपनीच्या जाहीर निवेदनात स्पष्ट लिहिलं होतं की अधिकार असलेल्या एका टीम सदस्याने ठरलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे कमांड चालवली, तिच्यात एक इनपुट चुकलं आणि हवे होते त्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. कृती लिहिली, पण निवेदन तिथे थांबलं नाही. टूल इतके सर्व्हर इतक्या झटपट काढू देत होतं, हेही सांगितलं. दुरुस्तीही टूलमध्येच झाली: सर्व्हर हळूहळू निघतील आणि क्षमता किमान पातळीखाली जाणार नाही, अशी आडकाठी घातली.

‘थोडा वेळ, काही युजर्स’

याने सपोर्टवाल्यांना काहीच सांगता येत नाही. सुरुवात आणि शेवटाची वेळ एकाच टाइमझोनमध्ये लिहा. लॉग बहुधा यूटीसीमध्ये असतात आणि चॅनेलवरचे मेसेज प्रत्येकाला आपापल्या वेळेत दिसतात. दोन्ही मिसळले की घटनाक्रमात परिणाम कारणाच्या आधी येतो. अयशस्वी रिक्वेस्ट म्हणजे माणसं नव्हेत, कारण ॲप आपणहून पुन्हा प्रयत्न करतं. दोन्ही आकडे वेगळे द्या, आणि आकडा अंदाजाचा असेल तर तसं म्हणा.

सगळ्यात जास्त गाळला जातो तो मागे राहिलेला कचरा. आपल्या उदाहरणात पेमेंट आधी कापलं जातं आणि मग `orders` मध्ये नोंद होते. म्हणजे २३ मिनिटांत काही जणांचे पैसे गेले असणार, पण ऑर्डर नाही. सर्व्हिस हिरवी झाली तरी या लोकांसाठी बिघाड चालूच असतो. ती यादी काढली का, कुणी काढली, पैसे परत की ऑर्डर पूर्ण, हे परिणामाच्या भागात यायलाच हवं.

दुरुस्तीची सोयीस्कर गोष्ट

‘रोलबॅक करून प्रॉब्लेम सोडवला’ हे तर साफ खोटं निघालं. रोलबॅकने ॲपचा कोड मागे गेला, पण डेटाबेसमध्ये थांबलेलं मायग्रेशन तसंच उभं होतं. सुटका झाली ती नंतर, कुणीतरी हे चालवल्यावर:

```sql
SELECT pid, xact_start,
       pg_blocking_pids(pid) AS blocked_by,
       left(query, 60) AS query
FROM pg_stat_activity
WHERE wait_event_type = 'Lock';
```

डझनावारी `SELECT` च्या पुढे `blocked_by` मध्ये मायग्रेशनचा पिड दिसला आणि मायग्रेशनच्या पुढे रिपोर्टचा. `pg_cancel_backend` ने मायग्रेशन रद्द केलं आणि रांग लगेच मोकळी झाली.

न चाललेला उपायही सारांशात लिहा. नाहीतर पुढच्या वेळी ऑनकॉलवर असलेला माणूस जुना सारांश शोधून काढेल आणि पुन्हा रोलबॅकच करेल. फक्त तो ‘वेळ वाया घालवला’ या सुरात नको. त्या क्षणी समोर काय दिसत होतं ते सांगा: अलर्टमध्ये फक्त ५०३ होते, डॅशबोर्डवर लॉकचा आलेख नव्हता आणि रनबुकची पहिली पायरी रोलबॅक हीच होती. एवढं वाचल्यावर रोलबॅक करणं शहाणपणाचंच होतं हे कुणालाही पटतं. ‘तेव्हाच लॉक बघायला हवे होते’ हे उत्तर कळल्यावर सुचतं, म्हणून ते सारांशात नको.

‘काळजी घेऊ’

हा धडा नव्हे. सोमवारी सकाळी काय बदललं, हे यातून दाखवता येत नाही. बदल असा असतो:

```sql
SET lock_timeout = '2s';
ALTER TABLE orders ADD COLUMN gift_note text;
```

दोन सेकंदांत लॉक नाही मिळाला तर मायग्रेशन आपणहून माघार घेतं. ही ओळ टूलमध्येच घाला, प्रत्येकाच्या लक्षात राहण्यावर सोडू नका. उपायाची किंमतही त्याच ओळीत लिहा: मायग्रेशन आता अधूनमधून फसेल, त्यामुळे थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय लागेल. आणि त्या दोन सेकंदांतही मागच्या क्वेरी थांबतातच, म्हणून मर्यादा छोटीच ठेवायची. रिपोर्ट रेप्लिकावर हलवायचा विचार असेल तर तिथेही पेच आहे. मायग्रेशनचा लॉक रेप्लिकावरही लागू होतो, आणि आड येणारी रिपोर्ट क्वेरी पोस्टग्रेस ठरावीक वेळाने (डीफॉल्ट ३० सेकंद) रद्द करू शकतो. रिपोर्टवाल्या टीमला हे आधी सांगितलं नाही तर पुढचा सारांश तीच लिहील.

दोन-तीन कामं पुरेत. प्रत्येकाला एक नाव आणि तारीख. नाव इथे बिनधास्त लिहा, कारण ते जबाबदारी घेतलेल्याचं आहे. फक्त सगळी कामं डिप्लॉय करणाऱ्याच्याच गळ्यात मारू नका, ती शिक्षा वाटते.

सुधारलेला सारांश साधारण असा होतो:

> ऑर्डरची पानं बंद, १४:११ ते १४:३४ भारतीय वेळेनुसार. सध्या सुरळीत.
> परिणाम: सुमारे ३,८०० रिक्वेस्ट अयशस्वी, साधारण १,१०० युजर्स. १७ जणांचं पेमेंट झालं पण ऑर्डर नोंदली गेली नाही. सगळ्या ऑर्डर १६:०० पर्यंत हाताने पूर्ण केल्या.
> कारण: `orders` वरचं मायग्रेशन रिपोर्ट क्वेरीच्या मागे लॉकसाठी थांबलं आणि त्यामागे बाकी क्वेरी अडकल्या. टूलमध्ये `lock_timeout` नाही. स्टेजिंगवर लांब क्वेरी नसल्याने हे तिथे दिसत नाही.
> दुरुस्ती: १४:१९ ला रनबुकप्रमाणे रोलबॅक, उपयोग झाला नाही. अलर्टमध्ये लॉकची माहिती नव्हती. १४:३१ ला अडवणारी क्वेरी सापडली, १४:३३ ला मायग्रेशन रद्द केलं.
> पुढे: टूलमध्ये `lock_timeout` आणि पुन्हा प्रयत्न, लॉकसाठी थांबलेल्या क्वेरींवर अलर्ट, रनबुकमध्ये वरची क्वेरी रोलबॅकच्या आधी. (नावं आणि तारखा तिकिटांत.)
> अजून न कळलेलं: रिपोर्ट आज नेहमीपेक्षा लांब का चालला.

शेवटची ओळ टाकायला लोक कचरतात. पण सगळं कळल्याचा आव आणला की ज्याच्याकडे उरलेलं उत्तर आहे तो गप्प बसतो.

टाकण्याआधी मसुदा त्या वेळी कीबोर्डवर असलेल्यांना दाखवा. घटनाक्रमातली चूक तेच पकडतात, आणि चारचौघांत आपल्याबद्दल काय लिहिलं जाणार हे त्यांना आधी कळतं. कुणाला स्वतःहून थ्रेडमध्ये ‘मायग्रेशन मी चालवलं, तेव्हा मला हे दिसत होतं’ असं लिहायचं असेल तर उत्तम, पण तशी मागणी करू नका.

आणि पहिलाच प्रतिसाद ‘पण हे मर्ज कुणी केलं?’ असा आला तर वाद घालू नका, प्रश्नाचा मोहरा वळवा: ‘मर्ज होताना मायग्रेशनच्या लॉकबद्दल कुठलीच तपासणी होत नाही. ती सीआयमध्ये घालता येईल का, पाहतोय.’ विचारणाऱ्याला खरंच काही सुचवायचं असेल तर तो त्या तपासणीबद्दल बोलेल.