बॉटला पूर्ण केली देऊ नका
धरमपेठेतल्या मित्राचा ट्रेडिंग बॉट बॅकटेस्टमध्ये १०० पैकी ५५ सौदे जिंकत होता, नफा-तोटा सारखाच, म्हणून एका सौद्यात भांडवलाचा किती हिस्सा लावायचा हे सांगणारं केलीचं सूत्र त्याने जसंच्या तसं टाकलं:

```
f = p - (1-p)/b
```

f म्हणजे लावायचा हिस्सा, p म्हणजे जिंकायची शक्यता, b म्हणजे लावलेल्या १ रुपयामागे नफा, इथे १. ०.५५ - ०.४५ = ०.१०, म्हणजे १ लाखातले १०,००० दर सौद्याला. पण भाऊ, ते ५५ फक्त अंदाज आहे. खरं ५२ निघालं तर केली ४ टक्केच येते, आणि तिच्या दुपटीच्या वर गेलं की जिंकणारी पद्धत असूनही पैसे हळूहळू आटतात.

म्हणून f ला ४ ने भागा, २,५०० लावा. वाढ कमी होते, पण ५२ निघालं तरी चालून जातं.

एकाच वेळी ५ सारखे सौदे उघडे असतील तर ते २,५०० पाचात वाटा.