दार उघडण्याआधीची खूण: नव्या चालकाने रस्ता कसा वाचावा

नवी मुंबईत नेरुळ, वाशी, कोपरखैरणे इथले सेक्टरांमधले आतले रस्ते नव्या चालकाला सोपे वाटतात. मोठी वाहनं कमी, वेगही कमी. पण दोन्ही कडेला गाड्या लावलेल्या असतात, मध्येच मैदान येतं आणि पुढे एनएमएमटीची बस थांबत थांबत चाललेली असते. इथे माणूस समोर दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. त्याच्या दोन-तीन सेकंद आधी जी खूण दिसते, ती पकडायला शिकायचं.

आधी हिशेब पाहा. ताशी ४० किलोमीटरने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात १६-१७ मीटर संपतात. मग कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक लावला तरी आणखी साधारण ९ मीटर लागतात. ताशी ३० ला हेच एकूण अंतर १७-१८ मीटरवर येतं. खूण दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढून ब्रेकवर नुसता टेकवून ठेवला, तर अर्धा सेकंद सहज वाचतो. ताशी ३० ला तो ४ मीटरचा असतो.

आता मैदानाशेजारचा एक रस्ता घेऊ. तुम्ही ताशी ३० ने चालला आहात. डाव्या कडेला गाड्यांची रांग, त्यात एक व्हॅन. ती नुकतीच थांबली आहे का, ते आधी ताडायचं. मागचे लाल दिवे आत्ताच विझले, ड्रायव्हरच्या सीटवर डोकं दिसतंय, रात्री आतला दिवा लागलाय: यांतलं काहीही दिसलं की दार उघडणार असं समजा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे डावीकडे लावलेल्या गाडीचं त्याचं दार थेट तुमच्या वाटेत उघडतं. पुढची चाकं उजवीकडे वळलेली असतील, तर ती गाडी बाहेर निघायच्या बेतात असू शकते. दाराच्या रुंदीएवढी, म्हणजे निदान एक मीटर जागा सोडा. समोरून गाडी येत असल्याने तेवढी सोडता येत नसेल, तर वेग २० च्या खाली आणा. जागा कमी आणि वेग तोच, हे कधीच नको. दुचाकीवर असाल तर हे दुपटीने पाळा, कारण दार थेट अंगावर येतं.

व्हॅनच्या पुढून चेंडू घरंगळत रस्त्यावर आला. नवा चालक चेंडूकडे पाहतो, आणि चूक तिथेच होते. चेंडू आला त्या जागेकडे, गाड्यांमधल्या फटीकडे पाहा. मूल तिथून येणार. त्याची नजर चेंडूवर असते, तुमच्या गाडीवर नाही, त्यामुळे हॉर्नवर विसंबू नका. आरशात मागे पाहत सरळ रेषेत ब्रेक लावा. चेंडू चुकवायला उजवीकडे स्टिअरिंग फिरवलं, तर मागून येणारी दुचाकी तुमच्या दारावर आदळू शकते. आणि एक मूल चेंडू घेऊन परतलं म्हणून लगेच निघू नका, दुसरं मागोमाग येतं.

पुढे बस. ती थांबणार हे ब्रेकलाइटच्या आधी स्टॉपवरची माणसं सांगतात: कोणी हात करतं, कोणी पिशवी उचलून कडेला सरकतं. तेव्हाच वेग उतरवायला घ्या. बस थांबली की तिच्या मागची रिक्षा आणि बाइक उजवीकडे निघतात, बहुधा सिग्नल न देता. त्याच वेळी डाव्या दाराने उतरलेला प्रवासी बसच्या पुढून रस्ता ओलांडायला निघतो आणि बसच्या आडोशामुळे तुम्हाला दिसत नाही. बस उंच असेल तर तिच्या खालून चालणारे पाय दिसतात, लो-फ्लोअर बसला ती सोय नाही. मागे थांबणं सर्वात बरं. पुढचा रस्ता मोकळा दिसत असेल आणि ओलांडायचंच असेल, तर बसचं तोंड येईल तिथे चालण्याच्या वेगाने जा.

सराव स्टिअरिंगशिवाय सुरू करा. कोणाच्या शेजारी बसून किंवा बसच्या पुढच्या सीटवरून दहा मिनिटं मोठ्याने बोला: "पांढरी व्हॅन, आत माणूस. उजवीकडे फट. बस थांबतेय." मग प्रशिक्षकासोबत, गाडी चालवता चालवता. सुरुवातीला बोलणं घटनेच्या मागे राहतं. दार उघडल्यावर "दार" म्हणाल. तसं झालं तर वेग जास्त आहे किंवा नजर पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर अडकली आहे. वारंवार अचानक ब्रेक लागत असेल तर तेही त्याचंच लक्षण. बहुतेक व्हॅनची दारं उघडणारच नाहीत, आणि तुम्ही उगाच पाय टेकवला असं वाटेल. तरी टेकवत राहा. पावसात मात्र थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं आणि धुकट काचेतून सीटवरचं डोकंही दिसत नाही. तेव्हा या रस्त्यावर ३० नको, २० ठेवा.