या चुका टाळा: पाच सौदे गेले म्हणून सहावा येत नाही

गुजरीत चांदीचा व्यवसाय करणारे माझे एक परिचित 2024 च्या वसंतात वायदेबाजारात उतरले. किलोचा भाव तेव्हा पाऊण लाखाच्या आसपास होता. एक किलोचा सगळ्यांत लहान सौदा घ्यायचा, किलोमागे 500 रुपये तोटा दिसला की बाहेर पडायचे आणि 500 रुपये नफा दिसला तरीही बाहेर पडायचे, असा त्यांचा साधा नियम होता. दोन लाखांच्या भांडवलावर हा नियम वाईट नव्हता. त्यांचे नुकसान या नियमामुळे झाले नाही, तर पहिलाच सौदा गेल्यानंतर त्यांनी त्यात जो बदल केला त्यामुळे झाले.

तिसऱ्या सौद्यापूर्वी ते मला म्हणाले, “दोन गेलं की हो, आता एक तरी बसणारच.” या हिशेबाने, मागचा तोटा एकाच फटक्यात भरून निघावा म्हणून त्यांनी चार किलो घेतले. तत्पूर्वीच्या दुसऱ्या सौद्यात त्यांनी दोन किलो घेतलेच होते. चौथ्या वेळी आठ किलो झाले आणि पाचव्या वेळी सोळा. पहिल्या चार सौद्यांचा तोटा अनुक्रमे 500, 1,000, 2,000 आणि 4,000 असा एकूण 7,500 रुपये होता. पाचव्या सौद्यात 8,000 रुपयांहून अधिक जाणार नाहीत, असे त्यांनी गृहीत धरले होते. परंतु तो सौदा त्यांनी रात्री बाजार बंद होताना तसाच ठेवला आणि सकाळी नऊला भाव त्यांच्या विरुद्ध किलोमागे 1,400 रुपयांनी उघडला. ठरलेला तोटा झाला की सौदा आपोआप बंद करणारी स्टॉप लॉसची ऑर्डर 500 रुपयांवर लावलेली असली, तरी मधल्या भावाला कोणी घेणारा वा देणारा नसेल, तर ती मिळेल त्या भावाला निघते. सोळा किलोंचे 22,400 रुपये गेले आणि एकूण तोटा 29,900 रुपयांवर पोहोचला.

सहाव्या सौद्यासाठी दुप्पट म्हणजे 32 किलो लागणार होते. त्यांची किंमत 24 लाखांच्या घरात जात होती आणि सौद्यासाठी आधी ठेवावी लागणारी अनामत, म्हणजे मार्जिन, दहा टक्के धरले तरी 2 लाख 40 हजार रुपये हवे होते. खात्यात तेवढे नव्हतेच. दुप्पट करत जाण्याच्या पद्धतीचा दोष इथे उघड होतो: शेवटचा, सगळे भरून काढणारा सौदा करण्याची वेळ येते तेव्हाच पैसे अपुरे पडतात. शिवाय एखाद्या फेरीत ही पद्धत यशस्वी झाली, तरी एवढी जोखीम उचलून हाती लागतात ते मूळचे 500 रुपये.

वही बाजाराला दिसत नाही

या चुकीला जुगाऱ्याचा भ्रम म्हणतात. तिचे प्रसिद्ध उदाहरण 18 ऑगस्ट 1913 रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत घडले. तिथल्या रूलेटच्या चाकावर गोळी सलग 26 वेळा काळ्या घरात पडली आणि ‘आता लाल येणारच’ म्हणून लोक दर फेरीला अधिकाधिक रक्कम लावून ती घालवत राहिले. त्या चाकावर 37 घरे असतात व त्यांपैकी 18 लाल. त्यामुळे पहिल्या फेरीला लाल येण्याची शक्यता 18/37 होती आणि सव्विसाव्या फेरीनंतरही ती तेवढीच होती.

आपली समजूत चुकते ती ‘सरासरी साधली जाते’ या वाक्याच्या अर्थात. नाणे दहा वेळा उडवले आणि दहाही वेळा छापा पडला, असे समजा. पुढच्या 990 फेकींत काटा जास्त पडून हिशेब पुरा होईल, असे मनाला वाटते. प्रत्यक्षात त्या 990 मध्ये साधारण 495 छापे अपेक्षित असतात. हजार फेकींत मिळून 505 छापे, म्हणजे 50.5 टक्के झाले. आधीचे दहा छापे कोणी फेडलेले नाहीत. नंतरच्या गर्दीत ते फक्त विरून गेले.

चांदीचा भाव नाण्यासारखा नसतो, हा आक्षेप योग्य आहे. लंडन आणि न्यूयॉर्कचे भाव, डॉलरचा दर, आयात शुल्क यांमुळे त्याला कल येऊ शकतो आणि कालच्या भावाचा आजच्या भावाशी काही संबंध असूही शकतो. पण हा संबंध भावाच्या इतिहासाशी आहे, तुमच्या सौद्यांच्या इतिहासाशी नाही. माझ्या परिचितांच्या पाच सौद्यांपैकी तीन तेजीचे आणि दोन मंदीचे होते. ‘चांदी फार पडली, आता उलटेल’ असा अंदाजही त्यामागे नव्हता. उलटायला हवे होते ते केवळ त्यांचे नशीब. समोर सौदा करणाऱ्या माणसाला गुजरीतल्या एका वहीत पाच लाल आकडे आहेत, हे ठाऊक असण्याचे कारणच नाही.

तीन पत्तीत मात्र मागच्या पानांना अर्थ असतो. पिसलेल्या गड्डीतून तीन एक्के बाहेर पडले असतील, तर चौथा निघण्याची शक्यता खरोखर बदलते, कारण पाने परत गड्डीत गेलेली नसतात. आपल्या मनाला ही सवय पत्त्यांतूनच लागली असावी, असा माझा तर्क आहे.

चूक ओळखावी कशी

सौद्यांच्या नोंदीत दोन सरासऱ्या काढाव्यात: नफ्याच्या सौद्यानंतर घेतलेल्या पुढच्या सौद्याचे वजन आणि तोट्यानंतर घेतलेल्या पुढच्या सौद्याचे वजन. दुसरी सरासरी ठळकपणे मोठी असेल, तर सौदे ठरवताना भाव पाहिला जात नसून वचपा काढला जात आहे.

वजन ठरवताना मागचे निकाल नव्हे, तर खात्यातली शिल्लक पाहावी. दोन लाखांवर एका सौद्यात एक टक्का जोखीम घ्यायची ठरवली, तर 2,000 रुपये होतात आणि किलोमागे 500 रुपयांच्या तोट्याने चार किलो घेता येतात. तो सौदा गेला की शिल्लक 1,98,000 राहते, एक टक्का 1,980 होतो आणि पुढच्या वेळी तीनच किलो बसतात. तोट्यानंतर वजन वाढण्याला या हिशेबात जागाच नाही. रात्रीत उघडणारी भावातली दरी मात्र या हिशेबालाही चुकत नाही. ती नको असेल, तर सौदा रात्री ठेवू नये.

सलग तोट्यांतून काही कळतच नाही, असेही नाही. मात्र जे कळते ते आपल्या अपेक्षेच्या उलट असते. नफा-तोट्याची शक्यता निम्मी-निम्मी असली, तरी शंभर सौद्यांत कधीतरी सलग सहा तोटे येण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक असते. म्हणून सहा तोटे पाहून पद्धत टाकू नये आणि सातव्यावर पैज वाढवूही नये. पण शंभर सौद्यांनंतर नफ्याचे सौदे चाळिशीच्याही खाली असतील, तर तो निव्वळ योगायोग असणे कठीण आहे आणि पद्धतच निम्म्यापेक्षा कमी वेळा साधते, असा संशय घ्यावा. त्यातही खर्च विसरू नये: किलोमागे दलाली आणि कर मिळून 50 रुपये धरले, तर 500 चा नफा 450 वर येतो, 500 चा तोटा 550 वर जातो आणि केवळ बरोबरीत सुटण्यासाठीही शंभरांतले 55 सौदे जिंकावे लागतात.