हरभऱ्यांमुळे होणारा गॅस कसा थांबला

हरभऱ्याची उसळ खाल्ली की दोन-तीन तासांत पोट ढोलासारखं फुगायचं. हिंग, ओवा, जादा शिट्ट्या, सगळं करून वैताग आला. गॅस करणाऱ्या साखरा उष्णतेने फारशा मोडत नाहीत, त्या पाण्यात उतरतात.

आता हरभरे चौपट पाण्यात १२ तास भिजवते, मध्ये एकदा पाणी बदलते. फेसाळलेलं पाणी फेकून, धुऊन ओल्या फडक्यात बांधते. साधारण दिवसभरात पांढरं टोक दिसतं. तेवढे मोड पुरतात. आंबूस वास, बुळबुळीतपणा आला तर सरळ टाकून द्यावेत. मोडांमुळे लोह-जस्त अडवणारं फायटेटही घटतं. नुसत्या कुकरने ते फारसं जात नाही. मग ताजं पाणी, एक शिट्टी, मंद आचेवर १५ मिनिटं. दाणा बोटांत चिरडला पाहिजे.

गॅस पूर्ण गेला नाही, पण पोट फुगत नाही.