फ्रीजमध्ये मटणाचा बर्फ सुटायला किती वेळ लागतो? या चुका टाळा

कोल्हापुरात मटण ताजंच आणायचं, हा रिवाज. तरीही गावाकडच्या जत्रेचा वाटा येतो, पाहुणे ऐनवेळी रद्द होतात आणि तीन किलोची पिशवी फ्रीजरमध्ये जाऊन दगड होते. मग रविवारी रस्सा करायचा ठरला की शनिवारी रात्री झोपताना ती पिशवी खालच्या कप्प्यात सरकवली जाते. घोळ इथंच होतो.

साधा हिशेब असा: फ्रीज 4 अंशांवर किंवा त्याखाली असेल, तर दर दोन-सव्वादोन किलोला 24 तास धरायचे. तीन किलोच्या गोळ्याला त्यामुळं सुमारे 36 तास लागतात. रविवारी सकाळी आठला मटण कुकरला लावायचं असेल, तर 36 तास मागं मोजल्यावर शुक्रवारी रात्रीचे आठ होतात. हा अंदाज आहे, घड्याळ नव्हे. म्हणून मी शुक्रवारी सकाळीच काढा म्हणेन. आधी सुटलं तर बिघडत काही नाही. फ्रीजमध्ये सुटलेलं मटण पुढं तीन दिवस तरी तिथंच बिनधास्त ठेवता येतं. खिमा आणि चिकन मात्र एक-दोन दिवसांत संपवावं.

आता याच हिशेबाची उलटी चूक. दोन किलोला 24 तास, म्हणजे अर्ध्या किलोला सहा तास, असं त्रैराशिक बरेच जण मांडतात. ते चुकतं. अर्ध्या किलोच्या पुड्यालासुद्धा एक दिवस धरावा. आतला बर्फ शून्याच्या जरा खाली, उणे एक-दोन अंशांच्या आसपास सुटतो, आणि त्याला ऊब देणारी फ्रीजमधली हवा असते जेमतेम 4 अंशांची. एवढ्याशा फरकावर ऊब आत हळूहळूच शिरते, आणि बर्फाचं पाणी होईपर्यंत मटणाचं तापमान जवळपास हलतच नाही. रात्री बघितलं तसंच सकाळी दिसतं, ते यामुळं. मग कुणीतरी वैतागून पिशवी ओट्यावर काढतं.

ओट्यावर काढणं ही सगळ्यात वाईट चूक. मधला भाग दगडच असतो आणि वरचा थर केव्हाच 4 अंशांच्या वर गेलेला असतो, म्हणजे जिवाणूंना वाढायला मोकळं रान. बाहेर दोन तास ही शेवटची हद्द, आणि उन्हाळ्यात स्वयंपाकघर 32 अंशांच्या वर गेलं की एकच तास. तीन किलोचा गोळा एवढ्या वेळात सुटत नाही.

वजनाइतकीच जाडी बघा. तीन किलो एका गोळ्यात असेल तर हिशेब तीन किलोचा. तेच अर्ध्या-अर्ध्या किलोच्या सहा चपट्या पिशव्यांत असेल आणि त्या सुट्या-सुट्या ठेवल्या, तर एका पिशवीचा हिशेब धरा, म्हणजे एक दिवस. एकावर एक रचल्या की पुन्हा गोळाच झाला. म्हणून गोठवतानाच पिशवी तळहातानं दाबून दोन बोटं जाडीची करावी आणि वर वजन-तारीख लिहावी. नाहीतर काढताना वजनाचा अंदाज कशावरून करणार?

पिशवी खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या परातीत ठेवा. गळणारं लाल पाणी कोथिंबिरीवर किंवा दह्यावर जाता कामा नये. फ्रीजचा काटा सगळ्यात थंडवर असेल किंवा पिशवी मागच्या गार भिंतीला टेकली असेल, तर आणखी अर्धा दिवस लागू शकतो.

सुटलंय की नाही, हे वरून चाचपून कळत नाही. पिशवीच्या मधोमध जोरात दाबा. तुकडे एकमेकांवर सरकले पाहिजेत. नळीच्या हाडालगत बर्फाची कचकच लागली तर अजून वेळ आहे. तसंच कुकरला घातलं तर कडेचे तुकडे गळतात, मधले चिवट राहतात, आणि अळणीचा, म्हणजे ज्यापासून पांढरा रस्सा करतात त्या मटणाच्या पाण्याचा, सगळा अंदाज चुकतो.

रविवारी सकाळी मधे गोळा शिल्लकच असेल, तर पिशवी घट्ट बांधून गार पाण्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासानं पाणी बदला. गरम पाणी नको. अर्ध्या किलोच्या मागं साधारण अर्धा तास धरा. अख्खा तीन किलोचा दगड असेल तर तीन तास, अर्धवट सुटलेला असेल तर त्याहून कमी. फ्रीजमध्ये सुटलेलं मटण न शिजवताही परत गोठवता येतं, चव थोडी उतरते इतकंच. पाण्यात सोडवलेलं मात्र लगेच शिजवावं लागतं, आणि उरलं तर शिजवल्यावरच फ्रीजरमध्ये.