गॅसची पावती हातात घेण्याआधी

गॅसचं बिल वाचायला बसाल तेव्हा पावती, ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांचं आधार आणि बँकेचं पासबुक जवळ घ्या. पासबुक म्हणजे घरात सापडेल ते नव्हे, आधारशी जोडलेल्या खात्याचं. मागच्या वेळी मी नेमकं इथंच चुकलो आणि भलत्याच पासबुकात सबसिडी शोधत बसलो. म्हणून हे पुन्हा पुन्हा येणार आहे.

नाव, ग्राहक क्रमांक आणि तारीख बघून घ्या. दर मधेच बदललेला असू शकतो, म्हणून तारीख आधी आणि रक्कम नंतर. चंदगड-कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पावतीशी आपली जुळवू नका. वाहतूक खर्चामुळे मूळ दर गावागणिक थोडा वेगळा असतो. सीमेपलीकडे महाराष्ट्रात टाकी स्वस्त दिसली म्हणून इथं कर्नाटकात कुणी फसवलं असं होत नाही.

आता आकडे. गणित सोपं जावं म्हणून 14.2 किलोच्या टाकीची मूळ किंमत 787 रुपये आणि घरपोच आकार 33 रुपये धरू. बेरीज 820. त्यावर घरगुती गॅसचा जीएसटी 5 टक्के, पावतीवर तो दोन ओळींत असतो: केंद्राचा अडीच टक्के म्हणजे 20.50 आणि राज्याचा तेवढाच. एकूण 861. कर घरपोच आकारासह झालेल्या बेरजेवर लागतो. नुसत्या 787 वर लावून बघाल तर उत्तर जुळणार नाही आणि उगाच एजन्सीशी भांडण होईल. पावतीवर 18 टक्के दिसले तर मात्र जरूर विचारा, तो दर हॉटेलवाल्यांच्या 19 किलोच्या टाकीचा.

घरपोच आकार 861 मध्ये आलेलाच आहे. टाकी आणणारा वर तीस-पन्नास मागतो ते पावतीत नसतं, आणि देणं बंधनकारकही नाही. खुशीनं द्यायचे असतील तर द्या, पण ते बिल नव्हे. गोडाऊनवर जाऊन स्वतः टाकी आणली तर घरपोच आकार कापूनच पैसे घ्यायला हवेत. ही सूट मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही.

मोबाइलवर आलेला डिलिव्हरीचा कोड टाकी दारात आल्यावरच सांगा. आधी सांगितलात तर टाकी पोचल्याची नोंद होऊन बसते.

सबसिडी पावतीतून वजा होत नाही. उज्ज्वला कनेक्शन असलं तरी दारात पूर्ण 861 द्यायचे. 2025-26 साठी ठरलेले टाकीमागे 300 रुपये, वर्षाला 9 टाक्यांपर्यंत, नंतर खात्यात येतात. म्हणजे टाकी पडते 561 ला, पण 561 हा आकडा पावतीवर कुठंच नसतो. साध्या कनेक्शनला हे 300 नाहीत, त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

आणि आता पासबुक. आधारमार्गे येणारा पैसा एजन्सीत लिहून दिलेल्या खात्यात जात नाही. आधार एका वेळी एकाच बँकेशी सरकारी जमेसाठी जोडलेलं असतं, पैसा तिथंच जातो. नवीन खातं उघडताना संमतीच्या फॉर्मवर सही केली की जोडणी मुकाट्यानं तिकडे सरकते. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही जोडणी झाली, असंही नाही. एजन्सीचा कागद बघू नका, जोडणी बघा. ती आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून `Bank Seeding Status` मध्ये दिसते, बँकेच्या नावासकट.

आपल्याकडे आणखी सोपी खूण आहे. कनेक्शन आणि गृहलक्ष्मी एकाच बाईंच्या नावावर असेल, तर गृहलक्ष्मीचे दोन हजार ज्या पासबुकात पडतात तेच बघा. भिशीच्या सोसायटीचं किंवा नवऱ्याचं पासबुक उलटून काही उपयोग नाही. खातं बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत जोडणीचा फॉर्म द्या. एजन्सीत सांगून ते होत नाही.

आठवडाभरात पैसे आले नाहीत तर आधी जोडणी बघा (हो, परत तीच), मग खातं बंद पडलंय का ते, मग एजन्सीत यंदाची उज्ज्वलाची केवायसी झाली का ते विचारा. सगळं ठीक असेल तर 1800-2333-555 वर तक्रार करा, पावती हाताशी ठेवून. 1906 हा नंबर गॅस गळतीचा आहे, सबसिडीसाठी तो लावू नका.