घटस्फोटानंतर फोनमधल्या जुन्या फोटोंचं काय करायचं?

रात्री डोकं फिरतं, माणूस फोन उघडतो आणि भराभर डिलीट करत सुटतो. खरं तर पुसणं हे शेवटचं काम आहे. आधी फोटो अचानक समोर येणं थांबवायचं, मग त्यांची प्रत काढायची, मग निवड करायची.

समजा, एका बाईंचा परस्पर संमतीने घटस्फोट झालाय, मुलगा सहा वर्षांचा आहे, फोन अँड्रॉइड आहे आणि सगळे फोटो गूगल फोटोजमध्ये आहेत. त्यांच्याच उदाहरणावरून बघू.

कोर्टातलं प्रकरण मिटलंय का?

नसेल, तर एकही फोटो पुसू नका. स्त्रीधनाचा वाद निघाला, तर अंगावर कोणते दागिने होते हे लग्नाच्या फोटोंतच दिसतं. पोटगी आणि मुलाच्या ताब्याच्या वादातही फोटो लागू शकतात. मूळ फाइल जपा, कारण व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतीत फोटो कधी, कुठे काढला ही माहिती राहत नाही. डिजिटल फोटो पुरावा म्हणून द्यायचा, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील बघतील, तुम्ही फक्त फाइलला हात लावू नका.

आधी ‘आठवणी’ बंद करा

मीटिंगमध्ये बसलेलं असताना फोन ‘पाच वर्षांपूर्वी’ म्हणून महाबळेश्वरचा फोटो दाखवतो, खरा ताप तो. गूगल फोटोजच्या सेटिंग्जमध्ये Memories खाली Hide people & pets असतं. तिथे पूर्वीच्या जोडीदाराचा चेहरा निवडला की तो माणूस आठवणींत येत नाही. लग्नाचा वाढदिवस टोचत असेल, तर Hide dates मध्ये ती तारीख टाका. आयफोनवर चेहऱ्यापुरता असाच पर्याय Feature This Person Less या नावाने मिळतो. टीव्हीचा स्क्रीनसेव्हर गूगल फोटोजमधून फोटो घेत असेल तर तोही बदला. दिवाळीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना हे लक्षात येणं नको.

अनेकांचं काम इथेच होतं. पुढे जायची घाई नसेल तर थांबा, काही बिघडत नाही.

शेअरिंग तोडा

Partner sharing चालू असेल, तर तुमचे नवे फोटो अजूनही पूर्वीच्या जोडीदाराकडे जात असतील. ते बंद करा. त्यांनी आधीच स्वतःकडे सेव्ह केलेले फोटो मात्र तुम्ही पुसल्याने जात नाहीत.

निवड

आता Google Takeout वरून सगळ्याची एक प्रत काढून पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर ठेवा, आणि ती बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या घरी ठेवायला द्या. मग सर्चमध्ये त्यांचा चेहरा निवडा. ज्या फोटोत मुलगाही आहे, ते सरळ बाजूला काढा. ते मुलाच्या बापाचे फोटो आहेत. सोळाव्या वर्षी तो मागेल, तेव्हा द्यायला असावेत. त्यांचा वेगळा अल्बम करून Archive मध्ये टाका. मुख्य पानावर दिसणार नाहीत, पण शोधल्यावर सापडतील.

दोघांचेच, खाजगी, शोधतानाही दिसू नयेत असे फोटो Locked Folder मध्ये जातात. एक धोका आहे: त्या फोल्डरचा बॅकअप चालू नसेल, तर ॲप काढून टाकल्यावर किंवा फोन रीसेट केल्यावर आतलं सगळं जातं. जे अगदी खाजगी क्षणांचे आहेत, ते मात्र प्रकरण मिटल्यावर पुसलेलेच बरे, आणि त्या हार्डडिस्कवरूनही. दुसऱ्याचे तसे फोटो पसरवणं गुन्हा आहे आणि हरवलेला फोन कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही.

अडतं ते ग्रुप फोटोंशी. आजीचा शेवटचा चांगला फोटो नेमका लग्नातला असतो आणि शेजारी तेच उभे असतात. इथे क्रॉप करून Save copy करा. आजी वेगळी मिळते, मूळ फोटो शाबूत राहतो.

छापील करिझ्मा अल्बमचं मात्र असं होत नाही. पानं एकसंध छापलेली असतात, एक फोटो काढायला गेलं की अख्खं पान फाटतं. तो गुंडाळून माळ्यावर किंवा माहेरी ठेवा. फोटोग्राफरकडे मूळ फाइली अजून आहेत का तेही विचारून घ्या, सगळेच त्या कायम ठेवत नाहीत.

पुसताना

गूगल फोटोजमधून पुसलं की फोन, क्लाउड आणि त्या खात्याला जोडलेला टॅब, सगळीकडून जातं. बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. ट्रॅश लगेच हाताने रिकामा करू नका. आधी नको असलेले थोडेच फोटो, म्हणजे धूसर, दुहेरी, नुसत्या जेवणाच्या ताटांचे, टाकून बघा. त्या ६० दिवसांत काही परत काढावंसं वाटलं नाही, तर पुढचा गठ्ठा घ्या.